बाटलीसोबतचं कार्ड

इनव्हरफर्न, सोमवार, ४ नोव्हेंबर

इश्बेल,

तू माझा नंबर बंद केलास, म्हणून हे कागदावर. पोस्टमनला तरी तुला अडवता येणार नाही.

आज सकाळी दुकानात तुझी ऑर्डर आली. मागच्या खोलीत मी बाटल्या बांधत होतो. मिसेस गेडीजनी छापलेला कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "लर्विकहून आहे. शेटलंडच्या बेटांवर कुणी ओळखीचं आहे का रे तुझं?" मी म्हटलं, "नाही." मग खाली तुझं नाव वाचलं. कानशिलं तापली. म्हाताऱ्या बाईंच्या नजरेतून सुटलं नसणार. त्या चष्म्यावरून बघतात तेव्हा लपवायला जागा उरत नाही.

बारा वर्षांची व्हिस्की, शेरीच्या पिपातली, धुराचा वास नसलेली. छान निवडलीस. रूरीला धुराची चालत नाही, हे तुला अजून आठवतं. मला कुठली आवडते ते आठवतं का, विचारणार नाही.

तू कधी दुकानाच्या मागच्या अंगाला आली नाहीस, म्हणून सांगतो इथे काय काय होतं. बाटली नळकांड्यात घालण्याआधी गळ्याशी वाळक्या गवताची फीत बांधायची. किमतीचा कागद डब्यातून काढून फाडायचा. भेट घेणाऱ्याला आकडा दिसला की तो बाटलीऐवजी आकडाच पितो, असं बाईंचं मत. डब्यावर लाल चिकटपट्टी लावायची: अठरा वर्षांवरच्या माणसाच्या हातात द्या, सही घ्या, दारात ठेवू नका. आणि शेवटी कार्ड. दुसरी दुकानं कार्ड यंत्रावर छापतात. बाई म्हणतात, छापलेली शुभेच्छा विजेच्या बिलासारखी दिसते. म्हणून आमच्याकडे हाताने, निळ्या शाईने, सायीच्या रंगाच्या जाड कागदावर. लिफाफा चिकटवायचा नाही, नुसता फितीखाली खोचायचा.

ते लिहायचं काम माझं. कॉलेज अर्धवट सोडून मी एवढंच कमावलं, चांगलं अक्षर.

पहिल्याच आठवड्यात बाईंनी मला समोर बसवून शिकवलं होतं. "हे बघ पोरा, नव्या नोकरीचं कार्ड म्हणजे चार गोष्टी. आधी त्याचं नाव. मग नोकरी कुठली ते, नाव घेऊन, नुसतं 'नवी नोकरी' नाही. मग एक ओळ, जी फक्त त्या दोघांनाच कळेल. मग कुणाकडून. बस. उपदेश नाही, 'एकदाची मिळाली' असं तर चुकूनही नाही. आणि कधी प्यायचं, ते तर कधीच सांगायचं नाही."

"का?" मी विचारलं होतं.

"कारण बाटली त्याची झाली. वेळही त्याचीच."

गिऱ्हाइकाने काही लिहिलंच नसेल तर भिंतीवर तयार मजकूर चिकटवलेले आहेत, त्यातला एक उतरवायचा. लिहिलं असेल तर त्यातलं अक्षरही बदलायचं नाही, मग ते कितीही वेडंवाकडं असो. मागे एकाने साहेबाला लिहिलं होतं, "आता तरी पगार वाढवा." तसंच उतरवलं मी.

तुझा मजकूर लहानच होता. "रूरी, तेलविहिरीवरच्या नोकरीबद्दल मनापासून अभिनंदन. ही तू परत येईपर्यंत बंद ठेव. मी तुला घ्यायला येईन. पहिला घोट दोघं मिळून घेऊ. इश्बेल."

बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "बंद ठेव म्हणणं चालतं. उघड म्हणणं नाही." आणि हसल्या. "पोरगी शहाणी आहे."

दोघं मिळून. मागच्या वर्षी विचारलं तेव्हा काय म्हणाली होतीस? "मित्र आहे तो माझा, एवढंच." मी काचेचा पेला भिंतीवर फेकला, त्याच संध्याकाळची गोष्ट. तू दार ओढून गेलीस आणि पुन्हा आली नाहीस.

असो. कार्ड लिहिलं. नियमाप्रमाणे त्याचा फोटो काढून दुकानाच्या फोनवरून तुला पाठवला, तो मिळाला असेल. अक्षर कसं वाटलं? 'घोट'मधला घ मी मुद्दाम सावकाश काढला.

दुपारी गाडी आली आणि डबा गेला. आता तो पोर्टअर्नला, रूरीच्या घरी पोचेल.

दोन ओळी तरी पाठव. शिव्या असल्या तरी चालतील.

स्ट्रुअन

इनव्हरफर्न, बुधवार, ६ नोव्हेंबर

इश्बेल,

काल डबा पोचला. आज दुपारी रूरीचा फोन आला. तू त्याचाही फोन उचलत नाहीस का? मेंढ्यांच्या दवाखान्यात एवढं काम असतं? म्हणाला, "तिला तीनदा लावला. कुठल्या तरी बेटावर गेली असेल, तिथे फोन लागत नाही."

खूश होता. मागून त्याचे बाबा, डूगल, ओरडत होते ते मला ऐकू येत होतं.

"कोण? स्ट्रुअन आहे का? त्याला सांग, त्या गाडीवाल्या कार्ट्याने माझं वय विचारलं! सत्तरीला आलोय मी. म्हणतो, 'आजोबा, अठरा पूर्ण आहेत ना? विचारावंच लागतं.' मी म्हटलं, थांब, आईला विचारून सांगतो!"

आम्ही दोघं हसलो. लहानपणापासून आम्ही असेच हसतो. तुला माहीत आहे.

मग रूरीने विषय बदलला. म्हणाला, "कार्ड तूच लिहिलंस ना? तुझं अक्षर आहे."

"सगळी मीच लिहितो."

"म्हणजे तिने सांगितलं तसंच?"

"अक्षरही बदलता येत नाही आम्हाला," मी म्हटलं.

"अच्छा." एवढंच म्हणाला. आणि मग, "बाबांना फार आवडलं. चुलीवरच्या फळीवर लावून ठेवलंय."

त्याला तिथे नेणारं हेलिकॉप्टर शुक्रवारी सकाळी आहे, ॲबर्डीनहून. पहाटेच निघणार. तीन आठवडे समुद्रावर, मग तीन आठवडे घरी. तुला हे सगळं ठाऊक असणार, तुला तर त्याने लांबलचक लिहिलं असेल. हेलिकॉप्टर समुद्रात पडलं तर म्हणून पाण्यात उलटं पाडलेल्या पिंजऱ्यातून खिडकी फोडून बाहेर यायचं शिक्षण, डॉक्टरी तपासणी, सगळं त्याने पदरच्या पैशाने केलं. डूगलनी होडी विकली त्यातले. घरात आता दुसरी होडी नाही आणि दुसरी नोकरीही नाही. आणि तिथला नियम कडक: दारूचा थेंब नाही. आदल्या रात्रीची तोंडाला असली तरी नळीत फुंकायला लावतात. आकडा दिसला की घरी. पुन्हा बोलावणं नाही. त्या कंपनीकडूनही नाही आणि दुसरीकडूनही नाही. बातमी पुढे जाते.

हे मी का लिहितोय? तुला माहीतच आहे.

आज बाईंनी मला मागच्या खोलीत थांबवलं. खराब झालेलं कार्ड फाडून टोपलीत टाकायचं असतं. सोमवारी टोपली रिकामी होती, आणि गठ्ठ्यातून एक कार्ड जास्त गेलं होतं. त्या मोजत नाहीत, पण गठ्ठ्याची जाडी त्यांच्या बोटांना कळते.

"चुकलं होतं का एखादं?"

"शाई सांडली."

"मग कुठे आहे?"

"खिशात घातलं, चुकून."

माझ्या खिशाकडे बघितलं नाही त्यांनी. काउंटर पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या भावाला बस चालवायची नोकरी लागली होती. मित्रांनी बाटली दिली. कार्डावर होतं, 'पहिल्या फेरीच्या आधी एक, आमच्या नावाने.' हसायची गोष्ट होती ती. सगळे हसले. तोही हसला, आणि मित्रांच्या शब्दाला जागला." पुसणं थांबलं. "कार्डावर लिहिलेलं लोक खेळ म्हणून वाचत नाहीत स्ट्रुअन. बाटली बोलत नाही ना, म्हणून तिच्या गळ्यात बांधलेलं जे असेल, ते तिचंच बोलणं वाटतं."

मग त्या वरच्या मजल्यावर सूप तापवायला गेल्या. मला हाक मारली नाही. रोज मारतात.

बाहेर गोठणारं धुकं आहे. उद्या रात्री रस्त्यावर बर्फाची पापडी असेल, असं रेडिओ म्हणाला.

स्ट्रुअन

इनव्हरफर्न, गुरुवार, ७ नोव्हेंबर, संध्याकाळ

इश्बेल,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. तरी तुझंच नाव लिहून बसलोय.

फोटोत तू पाहिलंस ते कार्ड माझ्या खिशात आहे. शाई सांडली नव्हती. फोटो काढला, पाठवला, आणि मग दुसरं लिहिलं. ते डब्यात गेलं.

त्यावर हे आहे. "रूरी, तेलविहिरीवरच्या नोकरीबद्दल शाब्बास. निघायच्या आदल्या संध्याकाळी उघड, तुमच्या पोर्टअर्नच्या रीतीने. माझ्यासाठी ठेवू नकोस. इश्बेल."

नाव, नोकरी, दोघांची एक ओळ, कुणाकडून. बाईंनी शिकवलं तसं बरोबर. वर आणखी एक गोष्ट, जी त्यांनी करू नको म्हटलं होतं.

पोर्टअर्नची रीत म्हणजे काय ते मला रूरीनेच सांगितलं होतं, शाळेत असताना. नव्या होडीवर कुणी लागला की घरी बाटली उघडायची, बूच आगीत टाकायचं. बूच जळलं म्हणजे बाटली परत बंद करायची सोय उरली नाही. मग शेजारीपाजारी येतात. माझ्या घरात मासेमारी कुणी केली नाही, आम्ही दारूच्या कारखान्यात पिपं धुणारी माणसं. मला एवढंच ठाऊक.

एवढंच पुरेसं वाटलं. तो पिईल. तुझा शब्द तो मोडत नाही, तीच तर माझी आग आहे. पिईल आणि सकाळी नळीत फुंकेल आणि घरी येईल. आणि तू बघशील की तुझा शहाणा मित्र एक संध्याकाळ कोरडा राहू शकला नाही. यापुढे मी विचारच केला नव्हता. खरं सांगतो. तू त्याला घ्यायला येशील, या ओळीच्या पुढे माझं डोकं गेलंच नाही.

आता गेलं. आज दुपारपासून फोन लावतोय. रूरीचा बंद. घरचा आधी लागतच नव्हता, मग डूगलनी उचलला. मागे गलका होता, कुणीतरी पेटी वाजवत होतं.

"स्ट्रुअन! ये ना रे इकडे! बूच जळलंसुद्धा!"

"रूरी कुठे आहे?"

"झोपलाय! एवढा मोठा दिवस आणि कार्टा थेंब घेत नाही! म्हणतो, बाबा, ती लिहिते म्हणून उघडा, पण मला सकाळी फुंकायचंय. मी म्हटलं, मग तुझी मी घेतो. कुणीतरी घ्यायलाच हवी की नाही?"

म्हणजे तो प्याला नाही. इश्बेल, तो प्यालाच नाही.

मी पलंगावर बसलो आणि हसलो. सुटलो, म्हटलं. सगळं जळून एक बूच गेलं आणि एका म्हाताऱ्याने रात्र साजरी केली. दुसरं काय झालं? काही नाही.

मग डूगल म्हणाले, "काळजी करू नकोस, अर्धी राखलीय. अर्धी घरच्या आगीची, अर्धी समुद्राची. रीत म्हणजे रीत."

"राखली म्हणजे?"

"ती आता गुपित," म्हणाले, आणि पेटीवाल्याने काहीतरी सुरू केलं, फोन ठेवला गेला. परत लावला तर उचलेनात.

अर्धी समुद्राची. हे मला रूरीने कधी सांगितलं नव्हतं.

बाईंची गाडी मागच्या अंगणात आहे. किल्ली खुंटीला असते. बाईंना विचारायला वर गेलो. त्यांनी दार उघडलं, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, "कार्ड?" एवढंच विचारलं.

मी मान डोलावली.

"टाकीत पेट्रोल आहे," म्हणाल्या. "पुलावर सावकाश."

ॲबर्डीन, शुक्रवार, ८ नोव्हेंबर, दुपार

इश्बेल,

बोटीच्या धक्क्यासमोर एका खानावळीत बसून लिहितोय. खिडकीतून तुझ्याकडे जाणारी निळी-पांढरी बोट दिसते आहे. तिच्यात लोक चढायला अजून वेळ आहे.

काल पुलावर सावकाश गेलो. पुलाच्या अलीकडे एक ट्रक आडवा पडला होता, पोलिसांनी लांबच्या रस्त्याने पाठवलं. पोर्टअर्नला पोचलो तेव्हा घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. डूगल आरामखुर्चीत कपड्यांसकट झोपले होते. चुलीवर कार्ड उभं होतं, माझं. राखेत बुचाचा काळा गोळा.

त्यांना हलवलं. एक डोळा उघडला.

"गेला का रूरी?" मी विचारलं.

"कधीच. शेजारच्या टॉलीचा पोरगा घेऊन गेला त्याला गाडीतून. मला म्हणे, बाबा तुम्ही झोपा." मग हसले. इश्बेल, लहान पोराने आईच्या ताटात काही लपवून ठेवावं ना, तसे हसले. "अर्धी त्याच्या बुटात आहे. चपटीत ओतून, मोज्यात गुंडाळून. माझ्या बापाने माझ्या बुटात ठेवली होती. पहिल्या रात्री समुद्रावर हाताला लागते ना, तेव्हा कळतं घर काय असतं ते."

"डूगलकाका, तिथे बॅगा तपासतात."

"होडीवर कोण तपासतं रे?" म्हणाले, आणि परत झोपले.

म्हातारा माणूस आहे. त्याच्या डोक्यात समुद्र म्हणजे होडी.

ॲबर्डीनपर्यंत कसा आलो ते लिहीत नाही. हेलिकॉप्टरच्या तळावर पोचलो तेव्हा उजाडत होतं. आत मोठं दालन, रांग, आणि रांगेच्या आधी भिंतीला एक पिवळी पेटी. काडीपेट्या, लायटर, विसरून आणलेलं काहीही, त्यात टाकायचं. तिथे टाकलेल्याबद्दल कुणी विचारत नाही. तिच्यापुढे टेबल. टेबलाच्या पुढे गेलं की मग विचारतात.

रूरी पेटीच्या अलीकडे होता, रांगेत दोघांच्या मागे. नवं जाकीट, बॅग खांद्यावर. त्याने मला बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"अरे लेका! निरोप द्यायला आलास? इतक्या लांब?"

मी धापा टाकत होतो. शब्द जिभेवर होते. बुटात बघ. एवढेच. बुटात बघ आणि पेटीत टाक.

"थोबाड बघ तुझं," तो म्हणाला. "जणू तूच चाललायस. ऐक ना, मी परत येईन त्या दिवशी इश्बेल येणार का, जरा चौकशी करशील? कार्डात तिने तसं काही लिहिलं नाही. पण ती येईल, मला वाटतं. तिने नाही म्हटलं तरी येईल."

तिने नाही म्हटलं तरी येईल.

मी गप्प बसलो, इश्बेल. मुद्दाम नाही, असं लिहिणार होतो. खोडतो. मुद्दाम. ती जुनी आग वर आली आणि तिने शब्द गिळले. किती वेळ, ते सांगता येत नाही. रांग दोन माणसं पुढे सरकली, तेवढा.

मग मी ओरडलो, "रूरी, बूट!" पण तोवर बॅग टेबलावर होती.

टेबलामागचा माणूस विचारत होता, "ही बॅग तुम्हीच भरली?"

"हो," रूरी म्हणाला.

"कुणी काही ठेवायला दिलं?"

"नाही."

त्याने नळीत फुंकलं. काहीच आलं नाही. त्या माणसाने मान डोलावली, चांगलं झालं असं म्हणाला. मग त्याने बूट उलटा केला.

मोजा जाड होता, हाताने विणलेला. चपटी त्यातून सावकाश बाहेर आली.

रूरीने ती बघितली. मग माझ्याकडे बघितलं. मी पेटीपाशीच होतो, तोंड उघडं. त्याला कळलं ते वडिलांचं, बाकीचं नाही. त्याने परत त्या माणसाकडे बघितलं.

"कुणाची ही?"

"माझी."

"तुम्हाला नियम वाचून दाखवले होते?"

"हो."

"सही केलीत?"

"हो."

इतकं साधं होतं. कुणी आवाज चढवला नाही. एका बाईने त्याचं नाव यादीतून काढलं आणि जाकिटावरची पट्टी परत मागितली. मागच्या माणसाने आपली बॅग टेबलावर ठेवली.

बाहेर वाऱ्यात आम्ही उभे राहिलो. डोक्यावरून त्याचं हेलिकॉप्टर गेलं. तो वर बघत राहिला, दिसेनासं होईपर्यंत.

"बाबांना सांगायचं नाही," तो म्हणाला. "त्यांना वाटेल, त्यांनी केलं."

"मग काय सांगायचं?"

"वैद्यकीय काहीतरी निघालं म्हणून. कान. कानाचं म्हणू." मग हसला, आणि ते हसू मला आवडलं नाही. "तू बूट म्हणून ओरडलास. तुला कसं कळलं?"

"डूगलकाकांनी सांगितलं."

"आणि तू रात्रभर गाडी हाणत आलास." त्याने मला जवळ घेतलं, इश्बेल. दोन्ही हातांनी, पाठीवर थापटत. "दोस्त म्हणावा तर असा."

त्याच्या जाकिटाला वास होता. बुटातून थोडी सांडली होती. बारा वर्षांची, शेरीच्या पिपातली.

त्यानंतर त्याने खिशातून कार्ड काढलं. मला वाटलं होतं ते चुलीवरच राहिलं. चुलीवर लिफाफा होता, उभा. कार्ड त्याने पहिल्या रात्रीसाठी सोबत घेतलं होतं.

"हे मला कळत नाही," तो म्हणाला. "तिला मी सगळं लिहिलं होतं. नळीचं, बॅगांचं, सगळं. तिच्या बापाने दारूपायी काय केलं, ते तिने मला सांगितलंय. तुला नसेल सांगितलं. ती कुणाला बाटली उघड म्हणेल? आदल्या संध्याकाळी? मी रात्रभर हेच वाचत होतो. बाबांनी हे वाचलं म्हणून उघडली. नाहीतर ती बंदच राहिली असती."

मला काय वाटलं ते सांगू? मला वाटलं, त्याला कळलं. मला वाटलं, आता तो माझ्या तोंडावर मारेल, आणि मी म्हणेन मार. पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. कार्डाकडे बघत होता आणि त्याचा आवाज सपाट झाला होता. शाळेत एकदा कुणीतरी त्याचं कुत्रं मारलं होतं, तेव्हा त्याचा आवाज असा झाला होता. तेव्हा तो ओरडला नव्हता. गपचूप त्या मुलाच्या घरापर्यंत चालत गेला होता. तिथे त्याने काय केलं, ते आपल्याला मग कळलं.

"तिने मुद्दाम लिहिलं का, विचारायचंय मला. फोनवर नाही. तोंडावर," तो म्हणाला. "आज संध्याकाळची बोट आहे ना लर्विकची?"

मी त्याला इथे आणून सोडलं. वाटेत तो कार्डच वाचत होता. मी सुपाच्या दोन वाट्या मागवल्या, त्याने चमचा धरला नाही. तिकीट काढलं आणि तो आत, प्रवाशांच्या खोलीत, जाऊन बसला. इथून त्याची पाठ दिसते आहे. कार्ड हातात आहे. उलटंपालटं करतोय.

मी उठून जाऊन सांगू शकतो. हे वाक्य लिहून बराच वेळ झाला.

इश्बेल, तुझा नंबर मला बंद आहे. त्याचा तुला लागत नाही. तुझ्याकडची टपालाची पोतीही याच बोटीत जातात, तिकिटाच्या खिडकीतल्या बाईने सांगितलं. गाडीच्या डिकीत बाईंचे रिकामे लिफाफे होते, त्यातल्या एकात कालचं पत्र आणि हे घालतोय. तो आणि ही पत्रं एकाच रात्री, एकाच समुद्रावरून येतील. पण तो सकाळी बोटीतून उतरून सरळ तुझ्या दारात येईल. पत्रं आधी पोस्टात जातील, मग पोस्टमनच्या पिशवीत, मग तुझ्याकडे.

तो दार वाजवेल तेव्हा तुझ्याकडे काही नसेल. फोटो असेल फक्त. तो फोटो आधी दाखव त्याला. दार उघडण्याआधी हातात धर. तो बोलायच्या आत दाखव.

हे वाचशील तेव्हा हे सांगून काही उपयोग नसेल. तरी लिहितोय.

तुझं कार्ड सोबत ठेवलंय. खिशात राहून थोडं दुमडलंय, अक्षर शाबूत आहे. 'पहिला घोट दोघं मिळून घेऊ.'

बोटीने भोंगा दिला. लोक चढायला लागले. तो उभा राहिला आणि मागे वळून त्याने मला हात केला.

मीही केला.

स्ट्रुअन